गोठ्याला वारा, धान्याला आडोसा

अहिल्यानगर, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या दूधपट्ट्यात फिरलं की एक रचना पुन्हा पुन्हा दिसते. पत्र्याचं एकच लांबलचक छप्पर असतं. त्याच्या अर्ध्या भागात गाई बांधलेल्या असतात आणि मधे साडेचार इंची भिंत घालून उरलेल्या अर्ध्यात बाजरीची, गव्हाची, सरकी पेंडीची पोती रचलेली असतात. एक भिंत वाचते, छप्पर एकच पुरतं आणि पेंडही हाताशी राहते. हिशेब चुकीचा वाटत नाही. मधली भिंत मात्र बहुतेक ठिकाणी पत्र्यापर्यंत नेलेली नसते. वरची हात-दीड हात जागा गवंड्याने तशीच सोडलेली असते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे अशा कोठारात शिरून बॅटरीचा उजेड वर टाकला, तर पत्र्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब रांगेने लोंबताना दिसतात. रात्री गार पडलेल्या पत्र्यावर गाईंच्या श्वासातली वाफ जाऊन बसलेली असते. सूर्य वर आला की ते थेंब सुटतात आणि थेट वरच्या थरातल्या पोत्यांवर पडतात. पोतं बाहेरून दुपारपर्यंत सुकतं, पण आतली पेंड सुकत नाही. महिन्याभरात पोत्याच्या तोंडाशी पेंडीचे गोळे होतात. गोळा फोडला की आत हिरवट-पिवळी भुकटी दिसते आणि कुबट वास येतो. बहुतेक घरांत तेवढा गोळा फेकून बाकीची पेंड गाईला घातली जाते.

दूध देणारी एक गाय श्वासातून आणि अंगावाटे दिवसाकाठी 10 ते 15 लिटर पाणी हवेत सोडते. लहानमोठी सहा जनावरं धरली तर एका दिवसात 50 लिटरच्या वर पाणी वाफ होऊन छपराखाली फिरत असतं. गोठ्यातून ही वाफ सतत बाहेर गेली पाहिजे. धान्य आणि पेंड यांच्यापर्यंत ती पोचताच कामा नये. म्हणजे एकाला अखंड वारा हवा, तर दुसऱ्याला वेळ पाहून उघडायचा आणि एरवी बंद ठेवायचा आडोसा हवा. आणि या दोन्हींच्या मधून रोज दोन वेळा चारा-पेंडीची ने-आण चालली पाहिजे. लहान शेतावरच्या गोठ्याचा सगळा पेच इथेच आहे. तो सोडवायला पैशापेक्षा जागेची मांडणी जास्त कामाला येते.

एक नेमकं उदाहरण घेऊ. संगमनेरच्या बाजूला अडीच-तीन एकरांचं बागायत शेत, चार दुभत्या संकरित गाई, दोन कालवडी, घरची बाजरी आणि गहू, विकत आणलेली सरकी पेंड. बांधायचा गोठा साधारण शासकीय मापाचा. रोजगार हमीच्या कामांशी जोडलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी 7.7 मीटर लांबी आणि 3.5 मीटर रुंदी धरलेली आहे. सोबत 250 लिटरचं मूत्रसंचय टाकं आणि 200 लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी. फुटांत सांगायचं तर साधारण सव्वापंचवीस बाय साडेअकरा.

हे माप सहा जनावरांना पुरतं. दर जनावराच्या वाट्याला 4 फुटांहून थोडी जास्त रुंदी येते. साडेअकरा फुटांची वाटणी अशी होते: अडीच फूट गव्हाण, साडेपाच फूट गाईला उभं राहायला आणि बसायला, 1 फूट मूत्राची नाली आणि मागे अडीच फूट चालायला. मग गव्हाणीत वैरण टाकणाऱ्या माणसाने उभं राहायचं कुठे? आत त्याला जागा उरलेली नाही. म्हणूनच अनेक गोठ्यांत बाया डोक्यावर पाटी घेऊन दोन गाईंच्या मधून गव्हाणीपर्यंत जातात. लाथ बसते, शिंग लागतं आणि पायाला लागलेलं शेण गव्हाणीजवळ पोचतं. यावर उपाय म्हणजे चाऱ्याची वाट गोठ्याच्या आत न धरता बाहेर, वळचणीखाली धरायची. त्याकडे पुढे येऊच, पण आधी छप्पर कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचं ते ठरायला हवं.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. असं केल्याने सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त दोन अरुंद टोकांवर पडतं आणि एप्रिल-मेमध्ये गाईंच्या अंगावर येत नाही. साडेअकरा फुटांच्या रुंदीला दोन पाखी छप्पर घालण्याची गरज नाही, एकपाखी पुरतं. त्याची खालची बाजू दक्षिणेला 8 फुटांवर आणि वरची बाजू उत्तरेला 11 फुटांवर घ्यावी. आपल्याकडे पावसाळी वारा आणि पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतात. त्यांच्या तोंडाशी बुटकी बाजू आणि तीन फुटांची वळचण असली की झड आत येत नाही. वारा मात्र खालून शिरतो, गाईंच्या अंगाला लागून गरम होतो, वर चढतो आणि उत्तरेच्या उंच फटीतून निघून जातो. वारा पडलेला असला तरी गरम हवा आपोआप वर सरकते आणि चढत्या पत्र्याच्या कडेने बाहेर पडते. उंच बाजूच्या वरच्या कडेला पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये काहीही घालायचं नाही, एवढंच पथ्य.

बरेच जण हे पथ्य मोडतात, आणि त्यामागे कारणही तसंच असतं. जुन्नर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, वासरू उचलून नेतो. त्याच्या भीतीने लोक चारी बाजूंनी छपरापर्यंत वीट लावतात आणि गोठ्याची खोली करून टाकतात. भीती खरी आहे, पण त्यावर भिंत हा उपाय नव्हे. दीड-दोन फूट वीटकाम आणि त्यावर थेट पत्र्यापर्यंत तारेची मजबूत जाळी लावली तर बिबट्या बाहेर राहतो आणि वारा आत येतो. जाळी वरच्या फटीलाही लावायची, कारण बिबट्या चढतो. थंडीच्या रात्री वासरांना वारा झोंबू नये म्हणून बारदान बांधायचं ते गाईच्या पाठीच्या उंचीपर्यंतच. वरचा भाग उघडा राहू द्यावा. मोठ्या गाईला थंडीचा त्रास फारसा होत नाही, तिला त्रास होतो तो साचलेल्या हवेचा.

हवा साचते आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. पहाटे गोठ्यात जाऊन गाईच्या तोंडाच्या उंचीला बसावं आणि दोन-तीन मिनिटं तिथेच थांबावं. डोळे चुरचुरले, नाकात झोंबलं, तर तो अमोनिया आहे आणि ती गाय रात्रभर तेच ओढते आहे. उभ्या माणसाला हा वास तेवढा जाणवत नाही, कारण तो जमिनीशीच तयार होतो. दुसरी खूण पत्र्याखाली पाहावी. खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि कोळ्यांची जाळी दाट असतील, तर तिथून हवा हलत नाही. धुपाटणं पेटवून गव्हाणीपाशी धरलं तर धुराची वाटच दिसते. तो वर जाऊन फटीतून निघाला तर ठीक. छपराखाली गोल फिरत राहिला, तर फट कमी आहे. उन्हाळ्यात दुपारी गाईची कूस किती वेळा हलते ते मिनिटभर मोजावं. साठच्या पुढे श्वास गेले, गाय बसायला तयार नाही, तोंड उघडं टाकून लाळ गाळते आहे, तर ती उष्णतेने बेजार आहे आणि दूध कमी होणारच. पत्र्यावर उसाचं पाचट पसरून ते दोरीने बांधणं हा आपल्याकडचा स्वस्त उपाय खरोखर उपयोगी आहे. पत्रा तापत नाही आणि खाली अंगावर येणारी झळ कमी होते. पाचट सुकं असतं, त्यामुळे विजेची तार त्याला लागून जाऊ देऊ नये.

आता जमीन. आपल्या भागात काळी माती म्हणजे पिकाला वरदान आणि बांधकामाला शाप. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी तडकते. तडीतून मूत्र खाली मुरतं, माती आणखी फुगते. म्हणून गोठ्याखालची काळी माती दोन-अडीच फूट उकरून काढायची, मुरूम भरून पाणी मारून धुमसायचा, त्यावर डबर आणि मग 4 इंच काँक्रीट. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान 1 फूट वर घ्यावं. काँक्रीटचा वरचा थर गवंडी आवडीने गुळगुळीत घोटतात, तो घोटू द्यायचा नाही. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या. गुळगुळीत फरशीवर गाय एकदा घसरली की पुढे ती माजावरही नीट उड्या मारत नाही, आणि माज कळला नाही तर गाभण राहण्याची वेळ चुकते.

उतार फार नको आणि कमीही नको. गव्हाणीपासून नालीपर्यंत साडेपाच फुटांत दीड इंच उतार पुरतो. यापेक्षा जास्त दिला तर गाय कायम मागे कललेली राहते, मागच्या पायांवर भार येतो आणि गाभण गाईचं अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. कमी दिला तर मूत्र तिच्याखालीच राहतं, ती त्यात बसते, सडांना ओल लागते आणि दगडी होते. नाली 1 फूट रुंद, दोन-तीन इंच खोल आणि तळाशी गोलसर असावी, म्हणजे फावड्याने एका ओढीत साफ होते. काटकोनी कोपऱ्यात शेण अडकतं, तिथे माशा अंडी घालतात. नालीला लांबीच्या दिशेने दर 10 फुटांना दीड इंच उतार द्यायचा. पंचवीस फुटांत तो पावणेचार इंच होतो. हे अंदाजाने होत नाही, पाण्याची लेव्हल-नळी धरून दोरी बांधावी लागते. फरशी झाल्यावर गवंड्याची मजुरी चुकती करण्याआधी नालीच्या उंच टोकाला एक बादली पाणी ओतावं. दहा मिनिटांनी कुठे डबकं उरलं असेल तर तिथे दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्यावी. गाई बांधल्यावर ती कधीच होत नाही.

नाली लवकर साफ करण्याला आणखी एक कारण आहे. मूत्रात नत्र असतं आणि शेणातल्या जंतूंकडे त्या नत्राचा अमोनिया करणारं विकर असतं. दोन्ही एकत्र कालवून पडले की अमोनिया सुटतो. मूत्र वाहून गेलं आणि शेण वेगळं उचललं तर तो मुळातच कमी होतो. मी सांगितलेल्या मांडणीत वारा दक्षिणेकडून, म्हणजे नालीवरून, गाईच्या तोंडाकडे येतो. या मांडणीचा हा एक तोटा आहे आणि तो मान्य करूनच दिवसातून दोनदा नाली धुण्याची शिस्त पाळायला हवी. फायदा असा, की थंडीत दक्षिणेकडून कललेलं ऊन नालीवर आणि गाईंच्या मागच्या भागावर येतं, ओल वाळवतं.

सहा जनावरांचं मूत्र दिवसाला 60 लिटरच्या आसपास होतं. म्हणजे 250 लिटरचं टाकं चार दिवसांत भरतं. ते उपसून शेणखड्ड्यावर किंवा पाटाच्या पाण्यात सोडायची सोय आधीच हवी, नाहीतर पाचव्या दिवसापासून ते नुसतं वाहत राहणारं डबकं होतं. याहून मोठी फजिती पावसाळ्यात होते. वळचणीसकट या छपराचं क्षेत्र साधारण 36 चौरस मीटर भरतं. एका रात्रीत 50 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून 1,800 लिटर पाणी दक्षिणेच्या बाजूने खाली येतं, म्हणजे नेमकं नाली आणि टाकं आहे त्या बाजूने. पन्हळ नसेल तर ते पाणी टाक्यात शिरतं, टाकं उफाळतं आणि मूत्र-शेणाचं पाणी अंगणभर होतं. पन्हळीचा खर्च लोक टाळतात. माझ्या मते पूर्ण गोठ्यात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त उपयोग देणारी वस्तू तीच आहे. पन्हळीचं पाणी वेगळ्या पाइपने लांब शेतात किंवा पिंपात न्यावं, मूत्राच्या नालीशी त्याची भेट होऊ देऊ नये.

आता चाऱ्याची वाट. दुभत्या गाईला दिवसाला पंचवीसेक किलो हिरवा चारा, पाच किलोंच्या आसपास कडबा आणि दुधाप्रमाणे सहाएक किलो पेंड-भरडा धरला, कालवडींना त्याच्या निम्मा-पाव धरला, तर या गोठ्यात रोज साधारण पावणेदोनशे किलो माल आत जातो. बाहेर शंभर किलो शेण निघतं. ही ओझी बहुतेक घरांत बाईच्या डोक्यावर असतात. एका पाटीत सतरा-अठरा किलो धरले तर रोजच्या दहा खेपा होतात. कुट्टी मशीन आणि कोठार गव्हाणीपासून नुसतं 60 फूट लांब पडलं, तर जाऊन-येऊन 120 फूट, दहा खेपांचे 1,200 फूट. वर्षाला ते 130 किलोमीटरच्या वर जातं. त्यातलं अर्धं अंतर डोक्यावर ओझं घेऊन. नकाशावर कोठाराची जागा सहज बदलता येते, नंतर ती बदलत नाही.

म्हणून गोठ्याच्या उत्तरेला, उंच बाजूच्या वळचणीखाली 4 फूट रुंदीची पक्की वाट करायची. इथे पाऊस येत नाही आणि वळचणीची सावली पडते. गव्हाणीची बाहेरची भिंत याच वाटेला लागून असते, त्यामुळे वैरण टाकणारा माणूस गाईंच्या समोरून, बाहेरूनच ती आत टाकतो. त्यासाठी या बाजूच्या जाळीला गव्हाणीच्या वर दिवसा उचलता येतील आणि रात्री अडकवता येतील अशा झडपा ठेवाव्या लागतात. वाट 4 फुटांची असली की एकचाकी किंवा दोनचाकी ढकलगाडी सहज जाते. एका गाडीत 50-60 किलो बसतात. दहा खेपांच्या तीन खेपा होतात आणि डोक्यावरचं ओझं उतरतं. वाटेवर एकही पायरी नको. एक चार इंची उंबरा आला तरी गाडी कोपऱ्यात पडून राहते आणि पाटी पुन्हा डोक्यावर येते.

गव्हाणीचा तळ गाईच्या पायांच्या पातळीपेक्षा तीन-चार इंचच वर असावा. पूर्वी गव्हाण गाईच्या छातीइतकी उंच बांधत, अजूनही बांधतात. पण गाय चरते ती मान खाली घालून. तशी खाताना तिला लाळ जास्त सुटते आणि लाळेनेच तिच्या पोटातली आम्लता आटोक्यात राहते. गव्हाणीचे आतले कोपरे गोल करावेत. मुरघास घालणार असाल तर साध्या सिमेंटचा गिलावा त्याच्या आम्लाने वर्ष-दोन वर्षांत खरवडल्यासारखा होतो आणि त्या खड्ड्यांत जुना चारा कुजतो. तिथे चकचकीत टाइल लावली तर ती टिकते.

शेणाची वाट पूर्ण वेगळी, दक्षिणेने. शेण मागच्या अडीच फुटांतून पूर्वेकडे निघतं आणि आग्नेय कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातं. चाऱ्याची गाडी आणि शेणाची गाडी एकमेकींचा रस्ता ओलांडत नाहीत. हे टापटिपीसाठी नाही. शेणातून जंतांची अंडी आणि वासरांच्या हगवणीचे जंतू गाडीच्या चाकाला लागून गव्हाणीपर्यंत जातात. एकाच घमेल्याने सकाळी शेण आणि संध्याकाळी भरडा उचलणाऱ्या गोठ्यात वासरं वारंवार हगवणीला लागतात. मग दोष चिकाला किंवा दुधाला दिला जातो.

राहिलं कोठार. ते गोठ्याच्या पश्चिमेला, पण गोठ्याला चिकटून नको. मधे 12 फुटांची मोकळी जागा सोडावी. त्यावर स्वतंत्र, उंच पत्रा घालून खाली कुट्टी मशीन आणि पेंड कालवायची जागा करता येते. वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून येत असल्याने गोठ्याची वाफ कोठाराकडे न जाता उलट दिशेने जाते. दुपारचं पश्चिमेचं ऊनही कोठाराच्या भिंतीवर पडतं, गाईंवर नाही. कोठाराला पश्चिमेकडे खिडकी ठेवू नये, झडीचा मारा तिथेच असतो. दार उत्तरेकडच्या चाऱ्याच्या वाटेवर उघडावं. कडब्याची गंज मात्र या सगळ्यापासून 50 फूट तरी लांब, ईशान्येला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला रचावी. तिला आग लागली तर ज्वाळा गोठ्याकडे येता कामा नयेत. आठवड्याचा कडबा तेवढा आणून मशीनपाशी ठेवावा.

दहा बाय बारा फुटांचं कोठार या कुटुंबाला पुरतं. त्याचं जोतं 2 फूट उंच घ्यावं, फरशीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. 2 फुटांच्या जोत्याने उंदरांचीही अडचण होते. आणि दाराशी गाडी लावली की पन्नास किलोंचं पोतं न उचलता सरळ गाडीवर सरकवता येतं, कारण गाडीचा पाटा तेवढ्याच उंचीचा करून घेता येतो. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी पाटांवर अर्धा फूट उंच रचावीत आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवावीत. पोतं भिंतीला टेकलं की भिंतीची ओल ओढतं, शिवाय मागे उंदराने बीळ केलं तरी दिसत नाही. दाराखाली बोट शिरेल एवढीही फट ठेवू नये. घुशीला फार वाट लागत नाही आणि लहान उंदीर पाव इंचाच्या फटीतूनही आत येतो.

कोठाराला समोरासमोर दोन लहान झरोके असावेत. त्यांना जाळी आणि घट्ट बसणारी झडप असावी. कोरड्या दुपारी ते उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे. पावसाळ्याच्या दमट दिवसांत तर उघडायचेच नाहीत. धान्याला वारा लागला पाहिजे असं आपण ऐकत आलो, पण दमट वारा लागला तर धान्य त्यातली ओल शोषून घेतं. धान्य वाळवायचं ते उन्हात, कोठारात नव्हे. एकदा वाळलं की त्याला बंद हवाच मानवते. आपली शेणाने लिंपलेली कणगी किंवा सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीतली पेवं याच तत्त्वावर चालत आली. आत हवा बंद झाली की किडा जगत नाही.

बाजरी, ज्वारी, गहू साठवताना दाण्यातली ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. ती मापायचं यंत्र घरी नसतं. एका कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर कोरडं मीठ आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट धान्य घालून मिनिटभर हलवावं. मीठ काचेला चिकटलं तर धान्य 15 टक्क्यांच्या वर ओलं आहे, पुन्हा उन्हात घालावं. मीठ न चिकटताही ओल बारा-पंधराच्या मधे असू शकते, म्हणून दात लावून पाहावा. दाणा कट्कन फुटला पाहिजे, दबता कामा नये.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या हिरवट-पिवळ्या भुकटीला इथे महत्त्व येतं. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मका यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. गाय ते खाते आणि त्याचा काही भाग बदललेल्या रूपात दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दुधातल्या त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. दिसणारा गोळा काढून टाकला तरी बाकीच्या पेंडीत विष पसरलेलं असू शकतं. बुरशीचं पोतं जनावराला अजिबात घालू नये. ते खतात जाऊ द्यावं.

कोठार गोठ्यापासून आणि घरापासून सुटं ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. किडीसाठी बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लोक बिनधास्त पोत्यांत ठेवतात. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू भिंतीच्या फटीतून पलीकडे जातो आणि जनावर, माणूस दोघांनाही मारतो. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, परवानाधारक माणसानेच त्या वापरायच्या असतात. धान्य नीट वाळवून हवाबंद पिशवीत किंवा झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या कोठीत भरलं तर त्यांची गरज सहसा पडत नाही.

दाराच्या कडीकडेही लक्ष द्यावं. रात्री दावं सुटलेली गाय वासाने कोठाराशी जाते, कडी मानेने ढकलते आणि भरड्यात तोंड घालते. पाच-सात किलो पीठ-भरडा एकदम पोटात गेला की काही तासांत पोटात आम्ल वाढतं. गाय चारा सोडते, पातळ आंबट वासाचं शेण टाकते, दुसऱ्या दिवशी बसते ती उठत नाही. अशा वेळी पाणी पाजून वाट पाहू नये, लगेच पशुवैद्यकाला बोलवावं. कडी बाहेरून, गाईच्या तोंडाच्या उंचीच्या वर आणि खिळ अडकवायची असावी.

हीच मांडणी कोकणात जशीच्या तशी चालणार नाही. तिथे जोतं आणखी उंच, छपराला उतार जास्त, पश्चिमेची बाजू झडीपासून पक्की झाकलेली आणि कोठाराचे झरोके चार महिने बंदच लागतात. आपल्या गावात पाऊस कुठून झोडतो हे घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, ते विचारून दिशा ठरवावी.

बांधकाम दिवाळीनंतर धरावं, म्हणजे मुरूम बसायला आणि काँक्रीटला पाणी मारायला उन्हाळ्यापर्यंत वेळ मिळतो आणि पहिल्या पावसात पन्हळ तपासता येते. आणि गवंड्याला आखणीचा चुना टाकू देण्याआधी एक करा: घरात रोज वैरण टाकणारी आणि शेण काढणारी जी बाई आहे, तिला जागेवर उभं करून कोठाराचं दार, चाऱ्याची वाट आणि शेणाची वाट तिला कुठे हवी ते विचारा आणि आखणी तिच्या सांगण्यावरून करा.